पाच ओळींचा टीव्ही

मंगळवार, ११ नोव्हेंबर २०२५. पहाटे गारवा, दुपारी ऊन. नारळ उतरवणारा आला नाही. अकरा ते सव्वा मैनाच्या घरी. अल्पेशने नव्या टीव्हीसाठी पाठवलेल्या पाच ओळी कागदावर उतरवून दिल्या. त्यांतली शार्पनेसची सोडून एकही टीव्हीवर सापडली नाही. सदाभावजी जेवले नाहीत.

एवढं लिहून किशोरीबाईंनी वही मिटली आणि पुन्हा उघडली. "सापडली नाही" या शब्दांखाली त्यांनी पट्टी धरून रेघ मारली. साठ वर्षांच्या डायऱ्यांत त्यांनी अशी रेघ फार थोड्या वेळा मारली असेल. त्यांचे यजमान धर्मा गेले त्या दिवशीच्या नोंदीखालीसुद्धा नव्हती.

रोज लिहिण्याची ही सवय पनवेलच्या शाळेतली. वडील मिठागरावर मुकादम होते. मिठागरात मुलगी काळवंडून जाईल म्हणून त्यांनी तिला सिस्टरांच्या शाळेत ठेवलं. तिथे झोपण्याआधी प्रत्येक मुलीने तारीख, हवा आणि दिवसभरात घडलेलं जसंच्या तसं लिहायचं. मनात काय आलं ते नको, घडलं ते लिही, असं सिस्टर म्हणायच्या. बाकीच्या मुली शाळेबरोबर वही सोडून मोकळ्या झाल्या. किशोरी लग्न करून मुरुडच्या आतल्या अंगाला या गावी आली, तीन मुलांची आई झाली, धर्माच्या ट्रकचे कागद सांभाळले, नऊ वर्षांपूर्वी विधवा झाली, पण वही सुटली नाही. विहीर कधी उपसली, कुठल्या दिवाळीला कुठला पाहुणा आला, असं काही कुणाला हवं असलं की लोक त्यांच्या दारात येत. "काकीच्या वहीत हाय" म्हटलं की वाद मिटायचा.

म्हणून तर मैना, त्यांची धाकटी जाऊ, सोमवारी संध्याकाळी फोन घेऊन आली होती.

"ताई, जरा वाचून द्या. पोरानं विंग्रजीत काय धाडलंय, मना काय कळत न्हाय."

मैनाचा अल्पेश उलव्याला राहतो. त्याचे दोन ट्रेलर बंदरावर चालतात. वडिलांसाठी त्याने मोठा, पन्नास-पंचावन्न इंचांचा टीव्ही ऑनलाइन मागवला होता. शुक्रवारी माणसं येऊन तो भिंतीवर लावून गेली आणि जुना टीव्ही बदल्यात घेऊन गेली. पोराला यायला सवड नव्हती. त्याने फोनवर एक निरोप पाठवला. वर मराठीत 'आई-बाबांसाठी' आणि खाली इंग्रजीत पाच ओळी. किशोरीबाईंनी त्या रेघांच्या कागदावर ठळक अक्षरांत मराठीत उतरवल्या:

एक, पिक्चर मोड 'व्हिव्हिड' असेल तो 'सिनेमा' करा. दोन दिवस पिवळट वाटेल, मग डोळा सरावतो. दोन, शार्पनेस शून्य. तीन, 'मोशन' नावाचं जे असेल ते बंद. चार, चित्राच्या कडा कापल्या जात असतील तर 'स्क्रीन फिट' करा. पाच, बाकी कशालाही हात लावू नका.

कागद सुरेख झाला होता. मंगळवारी त्या तो घेऊन गेल्या आणि दोन तास रिमोटशी झुंजल्या. या टीव्हीत 'सिनेमा' नव्हतंच. 'व्हिव्हिड' होतं, 'स्टँडर्ड' होतं, 'स्पोर्ट्स' होतं, 'मूव्ही' होतं. 'मोशन' कुठेच नव्हतं. शार्पनेस तेवढं सापडलं. सापडलं म्हणून त्यांनी ते शून्यावर नेलं, तर पडद्यावरच्या बातम्या देणाऱ्या बाईचा चेहरा साबणाच्या पाण्यातून पाहावा तसा झाला.

खाटेवर सदाभावजी, मैनाचे यजमान, होते. जूनमध्ये पडवीतल्या शेवाळावर घसरून त्यांचा खुबा मोडला. अलिबागला ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी वॉकर धरून रोज दहा पावलं चालायला सांगितलंय. ते खाटेवरून उठायला मागत नाहीत. त्यांनी पडद्याकडे क्षणभर पाहिलं आणि भिंतीकडे तोंड केलं.

"बंद कर गं मैना तो," ते म्हणाले.

"आत्ता तर लावला."

"माझ्या काय कामाचा? डोळं गेलं माझं."

मैनाने किशोरीबाईंकडे पाहिलं. बाहेर आल्यावर पायरीवर मैना म्हणाली, "शनवारपासून हेच चाललंय, ताई. कबड्डी लावली तर म्हणतात, पाय दिसत न्हायत. पाय दिसत न्हायत म्हणजे डोळं गेलं. म्हणजे सगळंच गेलं. वॉकर हातात धरायचं नाव न्हाय."

किशोरीबाईंना ते कळायला वेळ लागला नाही. सदाभावजी तीस वर्षं गावोगावच्या कबड्डीच्या सामन्यांना पंच होते. आगरदांड्यापासून रोह्यापर्यंत त्यांना बोलावणी येत. चढाई करणाऱ्याचा पुढचा पाय बोनस रेषेपलीकडे पडताना मागचा पाय हवेत होता, म्हणजे जादा गुण, की टेकलेला, हे त्यांच्याइतकं कुणाला दिसायचं नाही. पोरं भांडायला यायची, आणि ते फक्त बोट दाखवायचे. आता तीच नजर गेली अशी त्यांची खात्री झाली होती. अल्पेशने टीव्ही आणला होता वडिलांचा जीव रमावा म्हणून, आणि त्या टीव्हीनेच त्यांना संपवायला घेतलं होतं.

बुधवारी सकाळी किशोरीबाईंनी अल्पेशला फोन लावला.

"अल्पेश, तुझ्या कागदातलं या टीव्हीत नाही."

"काकी, असं कसं नाय? माझ्याकडे सेम सेटिंग हाय. मस्त चाललाय."

"तुझा टीव्ही आणि हा एकाच कंपनीचा आहे का?"

"कंपनी वेगळी हाय. पण टीव्ही टीव्ही असतो ना, काकी."

"शार्पनेस शून्य केलं तर चेहरा पुसट होतो."

"तू ग्लास लावला होतास ना? चष्मा?"

किशोरीबाईंनी फोन कानापासून थोडा दूर धरला. मग पुन्हा जवळ आणला. "लावला होता."

"मग बघ. नायतर राहू दे, काकी. तुझ्याच्यानं नाय व्हायचं ते. सोमवारपर्यंत परत करता येतो. रविवारी येतो नि बघतो, नायतर माणूस येऊन घेऊन जाईल. बाबांना तसंही दिसत नाय म्हणते आई. पुढच्या महिन्यात डोळ्यांच्या डॉक्टरकडं नेतो."

फोन ठेवल्यावर त्या बराच वेळ ओट्याशी उभ्या राहिल्या. साबुदाणा भिजवायचा राहिला. "तुझ्याच्यानं नाय व्हायचं" हे त्यांना आजवर कुणी म्हटलं नव्हतं, निदान लिहिण्यावाचण्याच्या गोष्टीत तरी. आणि सदाभावजींना दिसत नाही, हे तर आता पोराच्या तोंडीही ठरून गेलं होतं. रविवारी टीव्ही गेला की ते कायमचं ठरणार होतं.

त्यांनी कपाटातून नवी वही काढली. पहिल्या पानावर उभे रकाने आखले. वेळ. काय दाबलं. आधी किती होतं. नंतर किती. काय दिसलं.

मैनाच्या घरी जाऊन त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, या वेळी फोनवरून टीव्हीवर एक जुना सामना लावून. 'मूव्ही' लावलं. चेहरे पिवळट झाले, निळी झाक गेली. अल्पेशची पहिली ओळ नाव बदलून का होईना, खरी ठरली. शार्पनेस शून्यापासून पाच-पाचने वाढवत नेलं. वीसवर चेहरा नीट झाला. पुढे चाळीसला गेल्यावर प्रत्येक अक्षराभोवती पांढरी कड उमटू लागली, म्हणून परत वीसवर आणलं. या टीव्हीत शून्य म्हणजे साधं चित्र नव्हे, मुद्दाम पुसट केलेलं चित्र, हे त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलं. 'मोशन' शेवटी 'क्लॅरिटी' नावाच्या पोटात सापडलं, आणखी दोन पानं आत. त्यांनी ते बंद केलं. सामन्यातली माणसं माणसांसारखी पळू लागली. आधी ती तेलावरून सरकल्यासारखी दिसत होती आणि पायांच्या मागे धूर सोडत होती.

"भावजी, बघा जरा."

सदाभावजींनी मान वळवली. थोडा वेळ पाहिलं. "हे बरं हाय," ते म्हणाले.

किशोरीबाईंना वाटलं, झालं. मैनाने लगेच दुसरा रिमोट उचलून सेट-टॉप बॉक्सवर खेळाची वाहिनी लावली, आणि सगळं जिथल्या तिथे परत आलं. भडक निळा मॅट, पोपटी बनियन, पायांचा धूर.

"माझं डोळंच," सदाभावजी म्हणाले आणि पुन्हा भिंतीकडे वळले.

त्या दिवशी किशोरीबाईंनी रिमोट खाटेवर जरा जोरात ठेवला. मैनाने तो आवाज ऐकला आणि न ऐकल्यासारखं करून चहा टाकला. चहा पिता पिता किशोरीबाई म्हणाल्या, "मी नक्की बंद केलं होतं. वहीत आहे."

"व्हय, मी पण पायलं."

"मग पुन्हा चालू कसं?"

"टीव्हीला इचारा," मैना म्हणाली. "माझं तर तो काय ऐकत न्हाय."

गुरुवारी उत्तर सापडलं. सापडलं म्हणून आनंद होण्याऐवजी त्यांना जास्त राग आला. टीव्हीबरोबर आलेलं जाड पुस्तक मैनाने पिशवीसकट देव्हाऱ्याच्या फळीखाली ठेवलं होतं. त्यातली इंग्रजी पानं किशोरीबाईंनी चष्म्यावर भिंग धरून वाचली. एकोणिसाव्या पानावर होतं की चित्राच्या या निवडी ज्या जोडणीवर केल्या त्याच जोडणीपुरत्या राहतात. फोनवरचं चित्र वेगळं, बॉक्सवरचं वेगळं. बॉक्स चालू असताना सगळं पुन्हा करायचं. एवढं महत्त्वाचं वाक्य, आणि ते बारीक अक्षरात कोपऱ्यात. आणि अल्पेशच्या कागदावर तर नाहीच.

मैनाने बॉक्सवर वाहिनी लावली. किशोरीबाईंनी पुन्हा एक ते चार केलं. वहीत चार ओळी वाढल्या. कडा कापल्या जात होत्या, तेही नीट झालं. पडद्याच्या तळाशी धावणारी गुणांची पट्टी पूर्ण दिसू लागली.

धूर गेला. भडकपणा गेला. पण चित्र अंधारलेलं होतं. दुपारचे तीन, खिडकी उघडी, बाहेर माडांवर ऊन, आणि पडद्यावर संध्याकाळ झाल्यासारखी. चढाई करणाऱ्याचे काळे बूट काळ्या सावलीत बुडाले होते.

"ब्राइटनेस वाढवा ना," मैना म्हणाली.

त्यांनी वाढवला. काळं राखाडी झालं, धुकं पसरल्यासारखं, पण उजेड काही वाढला नाही. परत होता तिथे आणला. सदाभावजी बघत होते, भिंतीकडे नव्हते, पण डोळे बारीक करून, मान पुढे काढून. पाच मिनिटांनी त्यांनी डोळे मिटले.

"वहिनी, र्‍हाऊ द्या. किती दिवस चाललंय तुमचं. आंधळ्याला आरसा दाखवून काय उपेग."

"तुम्ही आंधळे नाही," किशोरीबाई म्हणाल्या. आवाज जरा चढलाच. "चित्र काळं आहे. मलाही काळंच दिसतंय. मैना, तुला?"

"मना बी."

"मग तिघं आंधळे झालो का एकदम?"

सदाभावजींनी डोळे उघडून पुन्हा पडद्याकडे पाहिलं.

शुक्रवारी सकाळी त्या मैनाकडे वाहिनी लावून पुन्हा पुस्तक घेऊन बसल्या. अल्पेशची पाचवी ओळ, बाकी कशालाही हात लावू नका, त्यांना आता सतत डोळ्यांपुढे दिसत होती. आपणच आपल्या सुवाच्य अक्षरात लिहिलेली. ज्याने टीव्ही पाहिलाही नाही त्याने घातलेली बंदी, आणि ती पाळत त्या चार दिवस चार ओळींच्या आत फिरत होत्या.

वहीतला एक रकाना त्यांनी पुन्हा वाचला. बुधवार, 'रिमोट जवळ नेल्याशिवाय चालत नाही.' गुरुवार, 'रिमोट हातभर अंतरावरूनच.' हे त्यांनी उतरलेल्या सेलांवर ढकललं होतं. पण रिमोट नवा होता, सेलही नवे. पुस्तकात टीव्हीचं चित्र होतं आणि खालच्या कडेच्या मध्यावर बाण काढलेला होता: रिमोटचा डोळा आणि खोलीतला उजेड मोजणारा डोळा, इथे. झाकू नये.

त्या उठून टीव्हीपाशी गेल्या आणि वाकल्या. पडद्याच्या खालच्या कडेला मध्यावर नाकाएवढा काळा उंचवटा होता. त्यावर हळद आणि हळदीवर कुंकू. जाड, बोटाने दाबून लावलेलं, कडेने सुकून चिरलेलं.

गेल्या शुक्रवारी टीव्ही लागल्याबरोबर मैनाने त्याची पूजा केली होती. या घरात नवी कुदळ आली तरी कुंकू लागतं, अल्पेशच्या ट्रेलरला लागतं, मिक्सरला लागलं होतं. टीव्हीला वरून कपाळ नव्हतंच, कड सुरीसारखी पातळ. म्हणून मैनाने जिथे टेकेल तिथे लावलं. आता किशोरीबाईंना सगळं दिसलं. टीव्हीला वाटत होतं की खोलीत काळोख आहे. काळोखात डोळ्यांना त्रास नको म्हणून तो बिचारा स्वतःचा उजेड कमी करत होता. भर दिवसा.

त्यांनी पदराचं टोक हातात घेतलं होतं. ते तसंच राहिलं.

विधवेने पूजेचं कुंकू पुसायचं? सदाभावजी खाटेवर, मोडलेल्या खुब्याचे, आणि त्यांच्या बायकोने लावलेलं कुंकू थोरल्या विधवा जावेच्या पदराने पुसायचं? मैना काही बोलली नसती. पण मग भावजींना ताप आला असता, पाय सुजला असता, तर ती ते कुंकू आठवल्याशिवाय राहिली नसती. किशोरीबाईंचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता, सिस्टरांनी तो लहानपणीच काढून टाकला होता. पण मैनाच्या मनात काय येईल, याची त्यांना पूर्ण खात्री होती. आणि मैनालाच पुसायला सांगायचं तर तेही तिला नको झालं असतं.

"काय झालं, ताई?" मैना दारातून म्हणाली.

"काही नाही. पुस्तक दे."

त्यांनी पानं उलटली. उजेड मोजणाऱ्या डोळ्याचं काम बंद करता येतं. ते चित्राच्या पानांत नव्हतं. ते 'जनरल' नावाच्या वेगळ्याच भागात, वीज बचतीच्या खाली होतं. अल्पेश तिकडे फिरकलाच नसणार. बाकी कशालाही हात लावू नका.

त्यांनी हात लावला. रिमोट अगदी जवळ धरून, एक एक पान उतरत, वीज बचत, त्यात 'ऑटो ब्राइटनेस'. 'ऑफ'.

खोलीत कुणी खिडकी उघडल्यासारखं झालं. मैना तांदळाचं सूप घेऊन पुढे आली.

"अगं बाई," ती हळूच म्हणाली.

पडद्यावरचा सामना अर्धा होऊन गेला होता. चढाई करणारा आत शिरला, उजवा पाय बोनस रेषेपलीकडे टाकला, मागे सरकला. मैदानावरच्या पंचाने एक बोट वर केलं.

"न्हाय," सदाभावजी म्हणाले.

दोघी त्यांच्याकडे वळल्या. ते कोपरावर अर्धे उठले होते.

"बोनस न्हाय त्यो. मागचा पाय टेकलेला व्हता. टाच बघ. टाच खालीच व्हती."

पडद्यावर तीच चढाई पुन्हा हळू दाखवली. मागच्या पायाची टाच मॅटला चिकटलेली होती. गुण परत घेतला गेला.

पुढच्या चढाईला सदाभावजींनी पाय खाटेखाली सोडले आणि ते उठून बसले. पाठीला उशी लावायला मैना धावली तर तिला म्हणाले, "तू बाजूला हो, दिसत न्हाय मना."

शनिवारी ते वॉकर धरून देव्हाऱ्यापर्यंत गेले आणि आले, सामना सुरू व्हायच्या आत. रविवारी अल्पेश गाडीतून उतरला तेव्हा बाबा खुर्चीत होते आणि दोन्ही संघांना शिव्या घालत होते.

अल्पेशने रिमोट हातात घेऊन इकडेतिकडे पाहिलं. "बघ काकी, म्हटलं होतं ना. पाच ओळी केल्या की झालं."

"चार," किशोरीबाई म्हणाल्या. "आणि त्यातली दुसरी चुकीची."

"चालायचंच. आता लागलाय ना?" तो टीव्हीजवळ वाकला. "हे काय, आई, सेन्सरवर कुंकू? पूस हे."

"राहू दे," किशोरीबाई पटकन म्हणाल्या. "बंद केलंय ते."

"पण रिमोट लांबून चालणार नाय."

"मग जवळून चालवतील. भावजींना तेवढंच उठायला होतं."

अल्पेश हसला. त्याला वाटलं काकी गंमत करते आहे. त्याने फोन काढून आपल्या पाच ओळींचा निरोप साडूला पुढे पाठवला. त्यानेही आईवडिलांसाठी टीव्ही घेतला होता. किशोरीबाईंनी ते पाहिलं. टीव्ही कुठल्या कंपनीचा आहे, हे तो साडूला विचारणारही नव्हता.

घरी येऊन त्यांनी नवा कागद घेतला. वरती 'सदाभावजी आणि मैना यांच्यासाठी' लिहिलं, आणि खाली आठ ओळी, प्रत्येक नाव टीव्हीवर जसं दिसतं तसं. बॉक्सवर वेगळं आणि फोनवर वेगळं, ही दुसरी ओळ केली आणि तिच्याखाली रेघ मारली. सातवी ओळ, ऑटो ब्राइटनेस ऑफच ठेवणे. का, ते लिहिलं नाही. अल्पेशची पाचवी ओळ त्यांनी घेतली नाही. कागद मैनाच्या स्वयंपाकघराच्या दाराला आतल्या बाजूने डकवून आल्या. येताना मैनाने वाटीभर सुकट दिली.

दिवा लागणीला त्या डायरीपाशी बसल्या. टीव्हीचं सगळं त्या दुसऱ्या वहीत रकान्यांत होतंच. इथे पुन्हा लिहायला त्यांना कंटाळा आला, जो त्यांना सहसा येत नसे. तारीख घातली, हवा लिहिली, अल्पेश आला आणि पाचच्या सुमारास गेला हे लिहिलं, भावजी देव्हाऱ्यापर्यंत दोनदा चालले हे लिहिलं. मग शेवटची ओळ:

नारळ उतरवणारा आला. एकूण चौऱ्याऐंशी, त्यांतले सहा नासके.